नव्या शहरातील पहिल्या नोकरीच्या सकाळसाठी गाण्यांची यादी कशी करावी

पहिली नोकरी, अनोळखी शहर आणि पोटात गोळा, अशा अवस्थेत सकाळी घराबाहेर पडणाऱ्या माणसाला ‘छान उभारी देणारी गाणी ऐक’ असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोणती गाणी ऐकायची, कोणत्या क्रमाने ऐकायची आणि कुठे थांबायचे, हे त्यात कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात एकच छोटे काम हाती घेतले आहे. निवासस्थानापासून कामाच्या जागेपर्यंतच्या प्रवासात ऐकण्यासाठी पाच गाण्यांची यादी तयार करायची आणि ती पहिल्या आठवड्यात वापरायची. उदाहरणे मराठी आणि हिंदी गाण्यांची घेतली आहेत, कारण बहुतेक मराठी वाचकांच्या कानांवर ती आधीच पडलेली असतात. ओळखीच्या गाण्याकडे लक्ष द्यायला वेगळे श्रम पडत नाहीत, आणि त्या सकाळी मन इतर गोष्टींत इतके गुंतलेले असते की ही सोय मोठी ठरते.

पहिली पायरी : गाणे खरोखर आशेचे आहे का, ते तपासणे

गाण्याच्या नावावरून किंवा पहिल्या दोन शब्दांवरून ते आशेचे आहे असे ठरवू नये. ‘सिंहासन’ चित्रपटातील ‘उषःकाल होता होता’ हे सुरेश भटांचे गीत याचे ठळक उदाहरण आहे. सुरुवातीच्या शब्दांत पहाट आहे, पण ती ओळ पूर्ण होते तेव्हा पहाटेच्या जागी काळरात्र आलेली असते. गीत थोर आहे, मात्र ते फसवणुकीच्या संतापाचे गीत आहे आणि कामावर रुजू होण्याच्या सकाळी हा संताप काही उपयोगाचा नाही. त्याचप्रमाणे ‘एक धागा सुखाचा’ हे गाणे अनेकांना शांत, समजूतदार वाटते म्हणून यादीत येते, पण त्यात सुखाच्या एका धाग्यासमोर दुःखाचे शंभर धागे मोजलेले आहेत.

याहून बारकाईने शिकवणारी जोडी ‘घरौंदा’ या 1977च्या चित्रपटात आहे. गुलजार यांचे शब्द, जयदेव यांचे संगीत आणि भूपिंदर यांचा आवाज या तिन्ही गोष्टी सारख्याच असलेली दोन गाणी त्यात आहेत. एक ‘दो दीवाने शहर में’ आणि दुसरे ‘एक अकेला इस शहर में’. दोन्ही गाण्यांत मोठ्या शहरात निवारा शोधणे चालले आहे आणि मुखड्यांचे शब्दसुद्धा बरेचसे तेच आहेत. तरीही पहिल्या गाण्यात भूपिंदर यांच्यासोबत रूना लैला यांचा आवाज आहे, दोघे मिळून घराची स्वप्ने रंगवत आहेत आणि घर सापडलेले नसले तरी शोधण्यात मजा आहे. दुसऱ्या गाण्यात तोच शोध एकटा माणूस करतो आहे आणि शोधून काय मिळणार याविषयी त्याचा विश्वास उडालेला आहे. म्हणजेच गाण्यातील परिस्थिती आशेची की निराशेची हे पाहून निवड करण्यात अर्थ नाही. त्या परिस्थितीतील माणूस पुढे काय करणार आहे, हे पाहावे लागते. त्याच्यापुढे एखादे पाऊल उरले असेल तर गाणे ठेवावे, पाऊल उरलेले नसेल तर ते संध्याकाळसाठी बाजूला काढावे.

याच कसोटीमुळे सगळे काही उत्तम आहे असे सांगणारी गाणीही मी यादीत घेत नाही. ज्याचे हात गार पडले आहेत त्याला केवळ आनंदाचा कल्लोळ ऐकवला तर गाणे आणि आपण यांतील अंतरच अधिक जाणवते. अडचण आहे हे मान्य करून पुढे जाणारे गाणे अधिक टिकते. ‘इम्तिहान’ या 1974च्या चित्रपटात किशोर कुमार यांनी गायिलेले ‘रुक जाना नहीं’ हे गाणे सुरुवातीलाच काट्यांवरून चालावे लागेल असे सांगते आणि मगच सावलीचे नाव काढते. असा क्रम असलेल्या गाण्यावर विश्वास बसतो.

दुसरी पायरी : गाणे कोणाशी बोलते, ते ऐकणे

हा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो. उभारी देणारी बरीच गाणी ‘तू’ला उद्देशून असतात, तर काही ‘मी’च्या तोंडी असतात. ‘कुंकू’ या 1937च्या प्रभातच्या चित्रपटातील शांताराम आठवले यांचे ‘मन सुद्ध तुझं’ हे गीत पहिल्या प्रकारचे आहे. केशवराव भोळे यांची चाल साधी, चालत्या पावलांची आहे. गीत भीतीचे नावच घेते आणि ‘गड्या’ अशी हाक मारून पुढे चालायला सांगते. ‘रुक जाना नहीं’ आणि ‘आकाशी झेप घे रे पाखरा’ हीसुद्धा ‘तू’शी बोलणारी गाणी आहेत. याउलट सुधीर मोघे यांचे आशा भोसले यांनी गायिलेले ‘एकाच या जन्मी जणू’ हे ‘मी’चे गाणे आहे. त्यातील बोलणारी व्यक्ती स्वतःच्या नव्या जन्माविषयी स्वतःच बोलते.

मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी मनातल्या मनात स्वतःशी बोलताना ज्यांनी ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव किंवा ‘तू’ वापरले, त्यांना प्रसंग हाताळणे अधिक सोपे गेले. दुसऱ्याला सल्ला देताना आपल्याला जे सुचते ते स्वतःच्या बाबतीत सुचत नाही, आणि ‘तू’ म्हटल्याने ते थोडेसे अंतर निर्माण होते. हे संशोधन मनातल्या बोलण्याचे आहे, गाण्यांचे नाही, हे खरे. तरीही ‘तू’ला उद्देशून असलेले गाणे मनात गुणगुणताना आपण स्वतःशी नेमके तसेच बोलत असतो. त्यामुळे पाचपैकी निदान दोन गाणी ‘तू’ची असावीत असे माझे मत आहे. ‘मी’ची गाणी वर्ज्य नाहीत, पण ती भीती ओसरू लागल्यावर अधिक खरी वाटतात, आरंभी नाही.

येथे एक सावधगिरी हवी. ‘आकाशी झेप घे रे पाखरा’ हे ‘आराम हराम आहे’ या 1976च्या चित्रपटातील जगदीश खेबुडकर यांचे गीत सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केले आणि स्वतःच गायिले. नव्या शहरी निघालेल्यांना ते हमखास सुचवले जाते. त्यातील पाखराला सोन्याचा पिंजरा सोडायचा आहे. जो स्वतःच्या इच्छेने, थोड्या अधीरतेने घराबाहेर पडला आहे त्याला हे गाणे नेमके लागू पडते. पण ज्याला घराची आठवण येते आहे, ज्याने नोकरी मिळाली म्हणून नाइलाजाने गाव सोडले आहे, त्याला आपल्या घरालाच पिंजरा म्हटलेले ऐकून गळा दाटून येऊ शकतो. गाणे बदललेले नसते, ऐकणारा वेगळा असतो. यादी दुसऱ्याची उसनी घेऊ नये, याचे हे एक कारण.

तिसरी पायरी : गती मोजणे

गती मोजण्यासाठी कोणतेही साधन लागत नाही. गाणे लावावे, पायाने आपोआप जो ठेका धरला जातो तो पंधरा सेकंद मोजावा आणि आलेल्या आकड्याला चारने गुणावे. मिळणारा आकडा म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी साधारण 60 ते 100च्या दरम्यान असते आणि नेहमीच्या चालीत माणूस मिनिटाला सुमारे 100 ते 120 पावले टाकतो. हे दोन पट्टे लक्षात ठेवले की पुरे. एकच गाणे कोणी 70 मोजतो आणि कोणी 140, कारण एकाने दर दुसरा ठोका धरलेला असतो. अशा वेळी उभे राहून त्या गाण्यावर जागच्या जागी चालून पाहावे आणि पावले ज्या ठोक्यांवर पडतील तेच धरावेत.

तालही ऐकावा. आठ मात्रांचा केरवा चालायला सोयीचा असतो, कारण त्यात डावे-उजवे पाऊल सरळ बसते. सहा मात्रांचा दादरा झोके देतो. बसून ऐकायला तो सुंदर असला, तरी त्यावर झपझप चालता येत नाही. म्हणून प्रवासाचा शेवटचा टप्पा पायी असेल तर तेथे केरव्यासारख्या सरळ ठेक्याचे गाणे ठेवावे.

चौथी पायरी : क्रम लावणे

बहुतेक याद्या येथेच फसतात. घाबरलेला माणूस एक तर झोपेला लावेल असे अतिशय संथ गाणे शोधतो, नाही तर थेट सर्वांत जोशपूर्ण गाण्यापासून सुरुवात करतो. संगीतोपचारात ‘आयसो तत्त्व’ नावाची एक जुनी कल्पना आहे. ती अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी 1940च्या दशकात मांडली. ऐकणाऱ्याची मनःस्थिती आत्ता जशी आहे तिच्याशी जुळणाऱ्या संगीतापासून आरंभ करावा आणि मग संगीत हळूहळू इच्छित दिशेने बदलत न्यावे, असे हे तत्त्व सांगते. म्हणजे पहिल्या गाण्याने ऐकणाऱ्याला कोठेही ओढून न्यायचे नसते. ते त्याच्या शेजारी बसले तरी पुरते.

पण न्यायचे कुठे? पुष्कळ लोक ‘शांततेकडे’ असे उत्तर देतील. माझे उत्तर वेगळे आहे. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एका प्रयोगात भाषणापूर्वी काही जणांना ‘मी शांत आहे’ असे म्हणायला सांगितले आणि काहींना ‘मी उत्सुक आहे’ असे. उत्सुक आहे म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक चांगली झाली. भीती आणि उत्सुकता या दोन्हींत छाती धडधडते, हात गार पडतात, श्वास उथळ होतो. शरीर आधीच जागे झालेले असते, त्याला थोड्या वेळात निजवणे अवघड असते. त्याच धडधडीला वेगळा अर्थ देणे तुलनेने सोपे जाते. म्हणून यादीचा उतार अंगाईकडे नसावा. मध्ये एखादे गाणे श्वास मोकळा करणारे असावे आणि शेवट चालत्या पावलाच्या गतीचा असावा.

मधल्या जागेसाठी ‘या जन्मावर, या जगण्यावर’ हे गाणे मला फार योग्य वाटते. मंगेश पाडगावकर यांचे शब्द, यशवंत देव यांची चाल आणि अरुण दाते यांचा स्वर असलेले हे गाणे भीतीविषयी काहीच बोलत नाही. ते वारा, पाणी, माती अशा बाहेरच्या गोष्टींकडे पाहायला लावते. घाबरलेल्या माणसाचे सगळे लक्ष स्वतःकडे लागलेले असते, त्यामुळे ते बाहेर वळवणारे गाणे उपदेशाच्या गाण्यापेक्षा अधिक काम करते.

एक यादी, तपशिलासह

समजा, एका तरुणीला सकाळी दहा वाजता कार्यालयात पोहोचायचे आहे. वाहनाचा प्रवास चाळीस मिनिटांचा आहे आणि उतरल्यावर आठ-दहा मिनिटे चालायचे आहे. तिने आधी दहा गाणी निवडली, ती आशेच्या कसोटीवर सहा उरली आणि रुजू होण्याच्या आधीच्या सुटीच्या दिवशी ती त्याच रस्त्याने, त्याच यादीसह एकदा जाऊन आली. ही फेरी टाळू नये, कारण यादीतील दोष खोलीत बसून कळत नाहीत.

सहाही गाणी तिने सलग ऐकली तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या ‘आकाशी झेप घे रे पाखरा’ने तिचे डोळे भरून आले आणि पुढच्या दोन गाण्यांचे शब्दच तिच्या कानांत शिरले नाहीत. गाणे चुकीच्या जागी आहे हे ओळखण्याची ही खूण आहे. गाणे संपल्यावर मन पुढच्या गाण्याकडे न जाता मागे अडकते, किंवा तेच गाणे पुन्हा लावावेसे वाटते. उलट गाणे योग्य जागी असेल तर ते संपल्याचे फारसे जाणवत नाही, खांदे किंचित उतरलेले असतात आणि नजर मोबाइलवरून खिडकीबाहेर गेलेली असते. तिने ते गाणे काढले आणि पाच गाण्यांचा क्रम असा ठरवला.

‘दो दीवाने शहर में’ आरंभी, कारण त्यात अनोळखी शहर आहे, शोध आहे, घर अजून मिळालेले नाही आणि तिची स्थितीही तशीच आहे. त्यानंतर ‘मन सुद्ध तुझं’, जे भीतीचे नाव घेते. तिसरे ‘या जन्मावर, या जगण्यावर’, लक्ष बाहेर नेण्यासाठी. चौथे ‘रुक जाना नहीं’. पाचवे ‘इक़बाल’ या 2005च्या चित्रपटातील केके यांनी गायिलेले ‘आशाएँ’. बोलता-ऐकता न येणाऱ्या आणि क्रिकेटपटू होऊ पाहणाऱ्या मुलाच्या कथेतले हे गाणे आहे. ते वाहनात बसून ऐकण्यासाठी नाही, उतरल्यावर चालताना ऐकण्यासाठी आहे.

पाच गाणी मिळून साधारण वीस ते पंचवीस मिनिटे होतात, आणि प्रवास तर पन्नास मिनिटांचा आहे. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. वाहनात बसून आपण योग्य दिशेने जात आहोत याची खात्री होईपर्यंत तिने काहीच लावायचे नाही. खात्री झाल्यावर पहिली चार गाणी, नंतर उतरण्याचे ठिकाण येईपर्यंत पुन्हा शांतता आणि चालताना पाचवे गाणे. ते इमारतीच्या पुष्कळ अलीकडे संपायला हवे. शेवटची चार-पाच मिनिटे कान मोकळे असावेत, कारण प्रवेशद्वारापाशी कोणी नाव विचारते, कोणी मजला सांगते, आणि कानात गाणे असताना ऐकलेले पहिले वाक्य बहुधा पुन्हा विचारावे लागते.

पाचवी पायरी : मोबाइलमधील तयारी

यादी स्वतंत्र तयार करून ती आदल्या रात्री उतरवून ठेवावी, म्हणजे नेटवर्क गेले तरी गाणी चालतील. अनेक ॲप्समध्ये ही सोय केवळ पैसे भरणाऱ्यांसाठी असते आणि मोफत वापरात मध्येच जाहिरात वाजते. तसे असेल तर रीतसर विकत घेतलेली गाणी मोबाइलमध्ये ठेवणे बरे. Shuffle बंद करावे, नाही तर क्रम लावण्याचे सगळे श्रम वाया जातील. Autoplay देखील बंद करावे. ते सुरू राहिले तर यादी संपल्यावर ॲप स्वतःच्या मर्जीने ‘मिळतीजुळती’ गाणी लावते आणि ‘दो दीवाने’ ऐकणाऱ्याला ‘एक अकेला’ मिळण्याची शक्यता बरीच असते. जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या त्याच नावाने सापडतात, म्हणून गायकाचे नाव पाहूनच गाणे निवडावे. नव्या आवृत्तीत गती बदललेली असेल तर तिसऱ्या पायरीतील मोजणी लागू राहत नाही.

आवाजाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास अशी आहे. गजबजलेल्या वाहनात आवाज नकळत वाढवला जातो, त्यामुळे तो सुरुवातीलाच ठरवून नंतर वाढवू नये. अनोळखी रस्त्यावर चालताना एकाच कानात इयरफोन ठेवावा.

यादी वापरताना

पहिला आठवडा क्रम बदलू नये. तीच गाणी त्याच वळणांवर येऊ लागली की अनोळखी रस्त्यावरचे काही टप्पे ओळखीचे होतात. मात्र यातील कोणतेही गाणे गजराच्या आवाजासाठी लावू नये. झोपमोडीशी जोडले गेलेले गाणे थोड्याच दिवसांत नकोसे होते आणि पुन्हा चटकन आवडत नाही. कार्यालयात पोहोचल्यावर, विशेषतः जेवणाच्या सुटीत, कानात काही घालून बसू नये. नव्या माणसाच्या कानात इयरफोन दिसला की शेजारचे सहकारी, त्याला बोलायचे नसावे असे धरून चालतात आणि पहिल्या दिवसांत हा समज महागात पडतो.

संध्याकाळचे नियम वेगळे. सकाळी बाजूला काढलेली उदास गाणी तेव्हा ऐकायला हरकत नाही. दिवस एकाकी गेला असेल तर ‘एक अकेला इस शहर में’ ऐकून कोणीतरी आपली अवस्था शब्दांत मांडली आहे एवढा दिलासा मिळतो. फक्त ते झोपण्याआधीचे शेवटचे गाणे नसावे आणि ऐकून झाल्यावर घरी किंवा मित्राला फोन करावा. गाण्यांची मर्यादाही येथेच सांगायला हवी. झोप न लागणे, जेवण न जाणे, कामावर निघताना श्वास कोंडणे हे काही आठवडे सुरूच राहिले तर यादी बदलत बसू नये, डॉक्टरांना भेटावे.

काही दिवसांनी एखादे गाणे वाजते आहे हेच लक्षात येईनासे होते. तेव्हा सर्वांत आधी दुसऱ्या क्रमांकाचे, भीतीचे नाव घेणारे गाणे काढावे, कारण त्याचे काम बहुधा सर्वांत लवकर संपते. त्या जागी ‘एकाच या जन्मी जणू’सारखे ‘मी’चे गाणे ठेवून पाहावे आणि पुन्हा एकदा तीच खूण तपासावी, म्हणजे गाणे संपल्यावर मन मागे अडकते का, की नजर खिडकीबाहेर जाते.